फीवाढीची बातमी कशी करावी? इंदूरच्या मराठी बातमीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर भागातल्या पालकांचे फोन सुरू होतात: "फी एकदम वाढवली हो, काहीतरी छापा." नव्या बातमीदारांना त्या वेळी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. खाली जी शाळा येते ती काल्पनिक आहे आणि तिचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. नियम मात्र मध्य प्रदेशातले, खरे आहेत.

पालक म्हणतात ३३ टक्के वाढ, शाळा म्हणते १० टक्के. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात आणि फीवाढीच्या बातम्या फसतात त्या याच ठिकाणी. एक उदाहरण तपशिलात पाहू, कारण पुढची सगळी उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

समजा एका शाळेत सहावीची गेल्या वर्षीची फी अशी होती: ट्यूशन फी ४८,००० रुपये, वार्षिक शुल्क ६,००० आणि बस १८,०००. एकूण ७२,०००. यंदा ट्यूशन फी ५२,८०० झाली, वार्षिक शुल्क ९,००० झालं, 'डिजिटल क्लास आणि उपक्रम' या नावाखाली ४,५०० रुपयांची नवी ओळ आली आणि बस २१,६०० वर गेली. एकूण ८७,९००.

शाळेच्या परिपत्रकात लिहिलेलं असतं, "ट्यूशन फीमध्ये १० टक्के वाढ". ते बरोबर आहे, ४८,००० चे ५२,८०० म्हणजे नेमके १० टक्के. आता पालकांचं पाहा. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी पाचवीत होता. पाचवीची ट्यूशन फी ४२,००० होती, म्हणून त्यांनी एकूण ६६,००० भरले होते. यंदा ८७,९०० भरायचे. त्यांच्या खिशातून २१,९०० जास्त गेले, म्हणजे ३३ टक्के. तेही बरोबर.

तिसरा आकडा कुणीच सांगत नाही आणि बातमीचा आकडा तोच. गेल्या वर्षीची सहावी आणि यंदाची सहावी, सगळ्या ओळी धरून: ७२,००० वरून ८७,९००. वाढ १५,९०० रुपये, २२ टक्के. नियमाच्या पट्टीला हा आकडा लावायचा.

मग पालकांचा ३३ टक्क्यांचा आकडा छापायचाच नाही का?

छापा, पण तो काय आहे ते सांगून छापा. "मुलगा पाचवीतून सहावीत गेल्याने आणि फी वाढल्याने मिळून या कुटुंबाचा बोजा ३३ टक्क्यांनी वाढला" हे वाक्य खरं आहे. "शाळेने फी ३३ टक्के वाढवली" हे खरं नाही. शाळेचा वकील दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवील आणि उरलेली सगळी बातमी त्याच्याबरोबर बुडेल.

मध्य प्रदेशचा नियम नेमका काय आहे?

कायदा २०१७ चा आहे. खाजगी शाळांची फी आणि तिच्याशी निगडित विषयांचं नियमन करणारा हा कायदा २०१८ च्या सुरुवातीला लागू झाला आणि त्याखालचे नियम २०२० मध्ये आले. बातमीदाराने त्यातल्या पायऱ्या डोक्यात पक्क्या ठेवाव्यात. आदल्या वर्षाच्या फीवर १० टक्क्यांपर्यंतची वाढ शाळा स्वतःच्या अधिकारात करू शकते. १० ते १५ टक्क्यांची वाढ करायची तर जिल्हा समितीची परवानगी लागते. १५ टक्क्यांच्या वर प्रकरण राज्य पातळीच्या समितीकडे जातं. जिल्हा समितीचे अध्यक्ष कलेक्टर असतात आणि कागद हलतात जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून.

शाळेने प्रस्तावित फीचा तपशील सत्र सुरू होण्याच्या किमान ९० दिवस आधी विभागाच्या पोर्टलवर टाकायचा असतो, हिशेबांसह. आपल्याकडे सत्र १ एप्रिलला सुरू होतं, म्हणजे कागद जानेवारीच्या आरंभीच जायला हवेत. पालकांना परिपत्रक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळालं असेल, तर शाळेला पहिला प्रश्न हाच: पोर्टलवर कधी टाकलंत?

आमच्या उदाहरणातली २२ टक्के वाढ १५ च्या वर आहे. म्हणजे शाळेकडे राज्य समितीची परवानगी असायला हवी. ती आहे की नाही, हे एका ओळीत कळण्यासारखं आहे. बातमीचा कणा तीच ओळ आहे.

१० टक्क्यांच्या आत असेल तर बातमीच नाही?

एका वर्षाची नसेल. पण तीन वर्षं मागे जा. दर वर्षी १० टक्के वाढवत गेलं तर तीन वर्षांत फी ३३ टक्क्यांनी वर जाते, कारण प्रत्येक वाढ आधीच्या वाढलेल्या रकमेवर बसते. ४८,००० चे तिसऱ्या वर्षी जवळजवळ ६३,९०० होतात आणि एकदाही कुणाची परवानगी लागत नाही. नियम मोडलेला नाही, तरी वाचकाला हे कळायला हवं. फक्त मथळ्यात "बेकायदा" लिहू नका.

बसची फी यात धरायची का?

हो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली आणि वाहतूक शुल्क वार्षिक फीचाच भाग ठरवलं. त्याआधी बसची ओळ वेगळी काढून "ही फी नाही" म्हणण्याची पद्धत सर्रास होती.

तरी दोन्ही आकडे काढा. आमच्या उदाहरणात बस वगळली तर ५४,००० चे ६६,३०० होतात, म्हणजे जवळपास २३ टक्के. बस धरली तर २२. दोन्ही १५ च्या वर. शाळा बसचा वाद काढून मूळ मुद्दा झाकू पाहत असेल, तर हे एक वाक्य तो वाद संपवतं. बस धरल्यावर १६ आणि वगळल्यावर ९ असं निघालं असतं, तर मात्र सगळी बातमी बसवरच उभी आहे हे वाचकाला स्पष्ट सांगावं लागलं असतं.

"डिझेल महागलं" हे उत्तर मिळालं तर हिशेब करून पाहा. एका बसमध्ये ४० मुलं, प्रत्येकी १८,०००, म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. बस रोज ६० किलोमीटर धावली, वर्षाला २२० दिवस, आणि लिटरला ५ किलोमीटर दिले, तर २,६४० लिटर लागतात. ९२ रुपयांच्या भावाने साधारण २ लाख ४३ हजार, म्हणजे गोळा होणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. डिझेल ५ टक्के वाढलं तर बसच्या फीत पावणेदोन टक्क्यांची भर पटते, २० ची नाही. नवी बस घेतली, विमा वाढला, मदतनीस बाई ठेवल्या, अशी दुसरी कारणं असू शकतात. ती शाळेने सांगावीत.

कमी फीच्या शाळांनाही हाच नियम?

त्याच २०२४ च्या दुरुस्तीने वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत फी घेणाऱ्या शाळांना या कायद्याच्या कक्षेबाहेर काढलं. गल्लीतल्या लहान शाळेने १२,००० चे १६,००० केले, तर टक्केवारी भयंकर दिसते, पण १० आणि १५ टक्क्यांची पट्टी तिथे लागत नाही. बातमी त्या घरावर आलेल्या ताणाची होऊ शकते, कायदाभंगाची नाही. म्हणून कुठल्याही शाळेकडे वळण्याआधी तिची सगळ्यात वरच्या वर्गाची फी बघून घ्या.

पुण्याच्या नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर नियम पाठवलाय की पालक-शिक्षक संघाच्या मंजुरीशिवाय फी वाढत नाही. तो चालेल?

नाही. तो महाराष्ट्राचा २०११ चा कायदा आहे. तिथे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची भूमिका आहे, आपल्याकडच्या पायऱ्या निराळ्या. इंदूरच्या मराठी घरांत हा गोंधळ दर वर्षी होतो. मावशी ठाण्यात, आत्या पुण्यात, आणि तिकडचा संदेश इथल्या वर्गाच्या ग्रुपवर येऊन पडतो. पालक तो घेऊन मुख्याध्यापिकेकडे जातात, त्या शांतपणे "हा आमच्या राज्याचा नाही" म्हणतात आणि पालकांची बाजू तिथेच लंगडी होते. तुमच्या बातमीत हा नियम चुकूनसुद्धा येऊ देऊ नका.

पालकांशी बोलताना सुरुवात कशी करायची?

आधी पावत्या मागा, मत नंतर. "किती वाढली?" असं विचारलंत तर उत्तर रागातून येतं. "गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या पावत्यांचे फोटो पाठवता का?" असं विचारलंत तर उत्तर कागदातून येतं. बऱ्याच वेळा वहिनींच्या फोनमध्ये सगळ्या पावत्या नीट जपलेल्या असतात आणि दादांना फक्त एकूण आकडा आठवतो. दोघांशी बोला.

पावती हातात आली की तीन गोष्टी पाहा. पहिली, ती पूर्ण वर्षाची आहे की एका हप्त्याची. गेल्या वर्षी चार हप्ते होते आणि यंदा तीन केले, तर एक हप्ता दुसऱ्याशी ताडून पाहिला की वाढ आहे त्याहून मोठी दिसते. दुसरी, गेल्या वर्षी काही सूट मिळाली होती का. भावंडाची सूट, लवकर भरल्याची सूट, कर्मचाऱ्याच्या मुलाची सूट. सूट बंद झाली तर त्या घराला ती वाढच वाटते, पण शाळेच्या फीपत्रकात ती कुठेच दिसणार नाही. तिसरी, मूल जुनं आहे की यंदा नव्याने आलंय. नव्या मुलाच्या पावतीत प्रवेश शुल्क आणि अनामत रक्कम असते, ती जुन्या मुलाच्या पावतीशी जोडायची नाही.

किती पालक पुरेसे?

एकाच वर्गाचे दहा पालक घेण्यापेक्षा वेगवेगळ्या टप्प्यांवरचे चार घ्या: प्राथमिक, माध्यमिक, अकरावी-बारावी, आणि एक असं घर ज्याची दोन मुलं त्याच शाळेत आहेत. चारही टप्प्यांवर तीच नवी ओळ दिसली तर वाढ सगळ्या शाळेला लागू आहे. फक्त सहावीत दिसली तर कदाचित वर्गाचा गट बदलताना शाळेने काही जोडलं असेल, आणि बातमी लहान होते. लहान झाली तर होऊ द्या.

तक्रार नसलेला एक पालक मुद्दाम शोधा. "महाग आहे, पण शिक्षक चांगले आहेत, आम्हाला चालतंय" म्हणणारे असतातच. त्यांना वगळलं तर शाळा त्यांनाच पुढे करून तुमची बातमी एकतर्फी ठरवते.

पालकांना नाव द्यायची भीती वाटते.

वाटणारच, मूल रोज त्याच वर्गात जाऊन बसतं. नाव न देणं ठीक आहे, पण संपादकाला ते घर कोणतं हे ठाऊक हवं आणि पावत्या तुम्ही स्वतः पाहिलेल्या हव्यात. पावतीचा फोटो छापताना केवळ नाव झाकून भागत नाही. स्कॉलर नंबर, पावती क्रमांक, क्यूआर कोड, समग्र आयडी, भरल्याची तारीख आणि वेळ, यांतल्या कोणत्याही एकावरून शाळेचं लेखा कार्यालय दोन मिनिटांत घर शोधून काढतं. "तीन मुली असलेले, रामबागेत राहणारे एक बँक कर्मचारी" असं वर्णनही करू नका. एका शाळेत असं एकच घर असण्याची शक्यता मोठी. सगळ्यात चांगलं म्हणजे फोटो न छापता आकड्यांचा तक्ता स्वतः तयार करून छापणं.

शाळेचा खर्च खरोखरच वाढला की नाही, हे बाहेरून कसं कळणार?

पूर्ण कळत नाही, पण अंदाजापुरते धागे हाती लागतात. शाळा सीबीएसईची असेल तर तिच्या संकेतस्थळावर सक्तीच्या जाहीर माहितीचं पान असतं. त्यात फीची रचना आणि शिक्षकांची संख्या द्यावी लागते. ते पान आजच उतरवून ठेवा, बातमी निघाल्यावर ते बदललेलं आढळू शकतं. शाळा चालवणारी संस्था सोसायटी असेल तर तिची नोंद फर्म्स आणि सोसायट्यांच्या रजिस्ट्रारकडे असते, पदाधिकाऱ्यांच्या यादीसह.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोधलं की कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा निधी भरला, ते दिसतं. शाळा म्हणते ६० शिक्षक आणि निधी ३१ जणांचाच भरला जातो, तर विचारण्यासारखा प्रश्न मिळाला. मात्र भरलेल्या रकमेवरून पगार काढायला जाऊ नका. सक्तीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजता येते, त्यामुळे २०,००० पगाराचा आणि ५०,००० पगाराचा शिक्षक तिथे सारखाच दिसू शकतो. आणि एकाच संस्थेच्या दोन-तीन शाखा एका क्रमांकाखाली असू शकतात.

खाजगी विनाअनुदानित शाळेला माहितीचा अधिकार थेट लागत नाही, पण शाळेने जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलेले कागद तिथून मागता येतात. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा, बातमी लिहून झाल्यावर नाही.

हिशेब हाती लागले. आता काय वाचायचं?

आधी वर्ष बघा. मार्चमध्ये जाहीर झालेल्या वाढीच्या वेळी त्या वर्षाचे तपासलेले हिशेब तयारच नसतात, त्यामुळे तुमच्या हातात असतो तो आदल्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद. हे बातमीत लिहावं लागतं.

मग शाळेचं कारण घ्या आणि ते रुपयांत उतरवून बघा. आमच्या काल्पनिक शाळेत १,२०० मुलं आहेत. त्यांतली १८० शिक्षण हक्क कायद्याखालची, ती फी भरत नाहीत. फी भरणारी १,०२० राहिली. बस सोडून सरासरी वाढ १२,००० धरली तर शाळेकडे वर्षाला सुमारे १ कोटी २२ लाख जास्त येणार. शाळेचं म्हणणं, "शिक्षकांचे पगार वाढवले." साठ शिक्षक, सरासरी २८,००० महिना, म्हणजे वर्षाचे २ कोटी १ लाख ६० हजार. ८ टक्के वाढ दिली तर १६ लाखांच्या आसपास. इतर २५ कर्मचारी, सरासरी १४,०००, तीच वाढ, आणखी ३ लाख ३६ हजार. भविष्य निर्वाह निधी वगैरे धरून फार तर २२ लाख. जास्तीच्या १ कोटी २२ लाखांपैकी पगाराला जातात २२.

इथे थांबून "उरलेला नफा" असं लिहायचा मोह होतो. थांबा. याच शाळेने ४ कोटींचं कर्ज काढून नवा मजला बांधला असेल, तर १० टक्के दराने पहिल्या वर्षाचं व्याजच ४० लाख. इमारतीचा घसारा आणखी ४० लाख लिहिलेला असेल. आता उरतात २० लाख. म्हणजे वाढीचं मुख्य कारण इमारत आहे, पगार हे छोटं कारण. शाळा खोटं बोललेली नाही, तिने कानाला बरं वाटणारं कारण पुढे केलं. मला विचाराल तर हीच खरी बातमी: यंदाचे पालक नव्या मजल्याचे पैसे भरत आहेत, आणि तो मजला अकरावी-बारावीसाठी असेल तर पहिलीच्या पालकांना हे विचारण्याचा हक्क आहे.

घसाऱ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तो खर्चात दिसतो, पण त्या वर्षी रोख बाहेर जात नाही. कर्जाच्या मुद्दलाचं उलटं असतं. ते रोख बाहेर जातं, पण उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात दिसत नाही. म्हणून नुसत्या "शिल्लक" या एका ओळीवरून निष्कर्ष काढू नये, जमा-खर्चाचं रोख पत्रकही सोबत मागावं. बांधकाम सुरू असतानाचं व्याज तर इमारतीच्या किमतीतच मिळवतात, ते कुठल्याच खर्चात शोधून सापडणार नाही.

हिशेबात संशयास्पद काय असू शकतं?

इमारतीचं भाडं. जमीन आणि इमारत संस्थाचालकांच्याच कुटुंबाच्या कंपनीची, आणि शाळा तिला भाडं देते. भाडं एका वर्षात दुप्पट झालं की शाळा तोट्यात दिसते आणि पैसा घरातच राहतो. ताळेबंदाच्या शेवटच्या टिपांमध्ये 'संबंधित व्यक्तींशी व्यवहार' अशी नोंद असू शकते, ती बारीक अक्षरांत असते. मोठ्या नावाची शाखा असेल तर नाव वापरण्याचं शुल्क, सल्लागार शुल्क आणि मूळ संस्थेला दिलेली रक्कमही पाहा. यातलं काही आपोआप बेकायदा ठरत नाही. रक्कम मोठी असेल आणि त्याच वर्षी वाढली असेल तर प्रश्न विचारायचा, एवढंच.

शाळेने नफा कमावणं गुन्हा आहे का?

सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी.एम.ए. पै फाउंडेशन निकालात विनाअनुदानित संस्थांना आपली फी ठरवण्याची मोकळीक दिली, मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही असंही सांगितलं. वाजवी शिल्लक ठेवून ती शाळेच्याच विकासाला वापरता येते. २००४ च्या मॉडर्न स्कूल निकालात दिल्लीच्या शाळांच्या संदर्भात हाच धागा पुढे गेला. २०२१ मध्ये राजस्थानच्या फी नियंत्रण कायद्याला न्यायालयाने वैध ठरवलं. तेव्हा बातमीत "शाळेकडे शिल्लक आहे" हे आरोपासारखं लिहू नका. शिल्लक किती आणि ती गेली कुठे, हे लिहा.

जबलपूरचं प्रकरण इथे लागू होतं का?

मे २०२४ मध्ये जबलपूर जिल्हा प्रशासनाने ११ खाजगी शाळांच्या प्रकरणी फी आणि पुस्तकांवरून गुन्हे दाखल केले, अटका झाल्या, पुढे ते न्यायालयातही गेलं. यातून एवढंच कळतं की कलेक्टरने मनावर घेतलं तर हाच कायदा वापरता येतो. इंदूरच्या एखाद्या शाळेच्या बातमीत जबलपूरचा परिच्छेद जोडला की वाचक दोन्ही शाळांना एकाच रांगेत बसवतो. म्हणून मी तो सहसा शेवटी आणि एका वाक्यात ठेवतो, किंवा ठेवतच नाही.

शाळेची बाजू कशी घ्यायची?

लेखी, आकड्यांसह आणि उत्तराला पुरेसा वेळ देऊन. "फीवाढीबद्दल आपलं काय म्हणणं?" असा ढोबळ प्रश्न पाठवलात तर "आम्ही सर्व नियम पाळतो" हे उत्तर येतं आणि तुमच्या हाती काही लागत नाही. नेमकं विचारा. सहावीची एकूण फी ७२,००० वरून ८७,९०० झाली, हा आमचा हिशेब बरोबर आहे का? प्रस्तावित फी पोर्टलवर कोणत्या तारखेला टाकली? समितीच्या आदेशाचा क्रमांक काय? ४,५०० ची नवी ओळ ऐच्छिक आहे का, आणि पालकाने नको म्हटलं तर पुढचा हप्ता घेतला जाईल का?

हा शेवटचा प्रश्न विसरू नका. 'ऐच्छिक' शब्द परिपत्रकात असतो, पण पैसे भरण्याच्या पानावर ती ओळ काढण्याची सोय नसते. एखाद्या पालकाला ते पान उघडून दाखवायला सांगा.

उत्तर आलं की ते बातमीच्या शेपटीला टांगू नका, जिथे तो आकडा येतो तिथेच द्या. तुमचा हिशेब शाळेने दुरुस्त केला आणि दुरुस्ती खरी निघाली, तर बातमी त्या आकड्याने चालवा.

अधिकारी म्हणतात, "तक्रार आली तर बघू."

मग तक्रार आली आहे का ते बघा. कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, पालक तिथे अर्ज देतात आणि पोच घेतात. त्या पोचेची प्रत हवी. तक्रार गेलेली असेल तर अधिकाऱ्यांना "बघू" म्हणता येत नाही. गेलेली नसेल तर त्यांना दुसरा प्रश्न विचारा: या शाळेने १५ टक्क्यांवरच्या वाढीसाठी अर्ज केला होता का, हो की नाही? याचं उत्तर त्यांच्या नोंदीत असतं, त्यासाठी कुणाच्या तक्रारीची गरज नाही.

उल्लंघन सिद्ध झालं तर जादा फी परत करण्याचे आदेश निघू शकतात आणि दंडही होतो: पहिल्या वेळी २ लाखांपर्यंत, दुसऱ्या वेळी ४, नंतर ६. आमच्या उदाहरणातल्या १ कोटी २२ लाखांशेजारी हा पहिला आकडा ठेवून पाहा. दंडाला घाबरून शाळा थांबेल असं वाटत नाही, भीती असते ती पैसे परत करण्याची.

पुस्तकं आणि गणवेश यांचाही यात समावेश करायचा?

वेगळी बातमी करा. ठराविक दुकानातूनच घेण्याची सक्ती करण्यावर नियमांत बंदी आहे, पण त्याचा पुरावा वेगळ्या प्रकारचा लागतो: दुकानाचं नाव असलेली यादी, बिलं, दुसऱ्या दुकानात ती पुस्तकं न मिळणं. फीच्या टक्केवारीत पुस्तकांचे ६,००० मिसळले की सगळा हिशेब गढूळ होतो.

बातमीनंतर शाळेने वाढ मागे घेतली. आता?

आधी कागद मागा. "वाढ मागे घेतली" म्हणजे नवी ओळ काढली, की बस जुन्या भावावर आणली, की सगळी फी गेल्या वर्षीइतकी केली? ज्यांनी आधीच भरलं त्यांना पैसे परत मिळणार की पुढच्या हप्त्यात वळते होणार? हप्त्यात वळते होणार असतील तर शाळा सोडून जाणाऱ्या मुलाचं काय?

आणि पुढच्या मार्चसाठी एक नोंद वहीत करून ठेवा. यंदा शाळेने ८७,९०० जाहीर केले, ओरड झाल्यावर ७९,००० घेतले, पण फीपत्रकात ८७,९०० तसेच ठेवून फरकाला 'विशेष सूट' म्हटलं, तर पुढच्या वर्षीचे १० टक्के कोणत्या रकमेवर मोजायचे? शाळा ८७,९०० वर मोजेल आणि ९६,६९० ला "फक्त १० टक्के" म्हणेल. प्रत्यक्ष भरलेल्या ७९,००० वरून ती वाढ २२ टक्क्यांची असेल. सूट दिलेल्या पावतीवर वरची रक्कम कोणती छापली आहे, ते यंदाच पाहून त्याचा फोटो जपून ठेवा.